सरासरी पंधरा टक्के, हातात अकराशे रुपये

माझे मामा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, आणि माणूस असा की दुधाचा रतीब असो का मुलीचं लग्न, सगळा हिशोब वहीत. २००७ च्या डिसेंबरात, जेव्हा सीताबर्डीच्या पानठेल्यापासून इतवारीतल्या सराफापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी शेअरच होते, तेव्हा मामांनी पण एक लाख रुपये सेन्सेक्सच्या मागोमाग चालणाऱ्या एका इंडेक्स फंडात टाकले. एकच लाख, बाकी सगळं एफडीत. नंतर तीन वर्षं त्याला हात लावला नाही, फक्त दर ३१ डिसेंबरला वहीत सेन्सेक्सचा आकडा टिपला.

२०११ च्या जानेवारीत वही घेऊन आले. म्हणे, "हे पाय. पहिल्या वर्षी वजा साडेबावन्न. दुसऱ्या वर्षी अधिक एक्क्याऐंशी. तिसऱ्या वर्षी अधिक साडेसतरा. टोटल शेहेचाळीस, भागिले तीन, पंधरा टक्के. पंधरा टक्क्यानं तीन वर्षांत लाखाचे दीड लाख व्हायले पाहिजे का नाही? मंग हे एक लाख अकराशेच काऊन दिसून राहिले? मधले पन्नास हजार कोणं खाल्ले?"

मामांना पक्की शंका होती की फंडवाल्यांनी खाल्ले. मी त्यांचा आकडा न आकडा तपासला आणि एकही चुकलेला नव्हता. सेन्सेक्स २००७ च्या शेवटी २०,२८७ होता, २००८ च्या शेवटी ९,६४७, २००९ च्या शेवटी १७,४६५ आणि २०१० च्या शेवटी २०,५०९. (फंडाचा खर्च आणि डिव्हिडंड या लेखात बाजूलाच ठेवतो, नाहीतर मुद्दा राहतो आणि वाद भलत्याच गोष्टीवर होतो.) टक्के बरोबर, बेरीज बरोबर, भागाकार पण बरोबर, आणि तरी तीन वर्षांत इंडेक्स वाढला जेमतेम एक टक्का. वर्षाला पाव-अर्धा टक्का म्हणा. पोस्टाच्या बचत खात्यातही याच्यापेक्षा जास्त मिळालं असतं.

तर पैसे कोणीच खाल्ले नाहीत, कारण ते पन्नास हजार कधी तयारच झाले नव्हते. मामा टक्क्यांची बेरीज करत होते आणि पैसा मात्र गुणाकाराने चालत होता, सगळी गंमत इथे आहे. पहिल्या वर्षी लाखाचे साधारण ४७,५०० झाले. दुसऱ्या वर्षीचे ८१ टक्के हे लाखावर मिळालेच नाहीत, ते त्या उरलेल्या ४७,५०० वर मिळाले, म्हणजे ३८,५०० रुपये. वहीत ५२ च्या शेजारी ८१ लिहिलं की ८१ मोठा दिसतो, पण रुपयात बघितलं तर गेले साडेबावन्न हजार आणि आले साडेअडतीस हजार. दोन वर्षांची सरासरी चांगली अधिक चौदा टक्के, आणि खात्यात ८६,०००. म्हणजे सरासरी जेवढी वर, जवळपास तेवढंच खातं खाली.

मामा म्हणाले, "म्हणजे आधी पडलं म्हणून. आधी वर गेलं असतं अन् मंग पडलं असतं तर वाचलो असतो." हे बऱ्याच लोकांना वाटतं, आणि एकरकमी पैशाच्या बाबतीत ते चूक आहे. आधी एक्क्याऐंशी टक्के वर जाऊ द्या, लाखाचे १,८१,००० होतील, आता त्यावर साडेबावन्न टक्के पाडा, उरतात तेच ८६,०००. गुणाकारात क्रम कसाही लावा उत्तर तेच येतं. मधे पैसे टाकत असाल, म्हणजे एसआयपी, किंवा मधे काढत असाल, म्हणजे पेन्शनसारखं, तर क्रमाला महत्त्व येतं, पण तो वेगळा विषय आहे आणि लोक हे दोन्ही नेहमी एकात एक मिसळतात.

मग हा फरक येतो कुठून? नववीचं बीजगणित आठवा, (a + b)(a − b) = a² − b². आता a च्या जागी १ ठेवा आणि b च्या जागी चढ-उताराचा आकडा. एकदा दहा टक्के वर, एकदा दहा टक्के खाली, सरासरी शून्य, पण पैसा झाला १.१० गुणिले ०.९०, म्हणजे ०.९९. शंभराचे नव्व्याण्णव. वीस टक्के वर-खाली केलं तर ०.९६, पन्नास टक्के वर-खाली केलं तर ०.७५. चढ-उतार दहावरून वीस झाला, दुप्पट, पण घट एकवरून चार झाली, चौपट. b चा वर्ग आहे ना तिथे, म्हणून. आणि वर्ग असल्यामुळे घटीला वरचा झटका आणि खालचा झटका यात काही फरकच नाही, दोन्ही सारखेच महाग पडतात. ८१ टक्क्यांचं वर्ष बघून आपण पेढे वाटतो, पण त्या सरासरी आणि प्रत्यक्षातल्या फरकात ८१ टक्क्यांच्या वर्षाचा वाटा पडलेल्या वर्षाएवढाच असतो. हे मला स्वतःला पचायला वेळ लागला.

इंग्रजी पुस्तकवाले याला व्होलॅटिलिटी ड्रॅग म्हणतात आणि त्यांनी अंदाजाचं एक सूत्र करून ठेवलंय, प्रत्यक्ष वाढ म्हणजे साधारण सरासरी वजा व्हेरियन्सचा निम्मा. व्हेरियन्स म्हणजे काय, तर प्रत्येक वर्षाचा परतावा सरासरीपासून किती लांब गेला ते बघायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा आणि वर्गांची सरासरी काढायची, बस. मामांच्याच वहीवर करून बघू. सरासरी १५.३ टक्के. पहिलं वर्ष तिच्यापासून ६७.८ खाली, दुसरं ६५.७ वर, तिसरं फक्त दोनने वर. दशांशात म्हणजे ०.६७८, ०.६५७ आणि ०.०२१. यांचे वर्ग करून बेरीज केली आणि तीनने भागलं की येतं ०.२९७. त्याचा निम्मा ०.१४९, म्हणजे १४.९ टक्के. आता १५.३ मधून १४.९ काढा, उरतो ०.४. खरा आकडा आहे ०.३६. इतक्या राक्षसी चढ-उतारावर अंदाजाचं सूत्र इतकं जवळ येईल असं मला वाटलं नव्हतं, कारण हे सूत्र खरं तर छोट्या चढ-उतारांसाठीच बरं चालतं. एखाद्या वर्षी सगळंच बुडालं, वजा शंभर झालं, तर सूत्र काही का म्हणेना, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच.

आता त्याच सेन्सेक्सची आधीची पाच वर्षं घ्या, २००३ ते २००७. परतावा अनुक्रमे ७२.९, १३.१, ४२.३, ४६.७ आणि ४७.१. सरासरी ४४.४ टक्के, आणि प्रत्यक्ष चक्रवाढ वाढ ४३.१. फरक फक्त एक-सव्वा टक्क्याचा. तोच बाजार, तोच इंडेक्स, पण आकडे एकमेकांपासून फार लांब नाहीत म्हणून सरासरी जवळपास खरं बोलते. २००८ नंतरच्या तीन वर्षांत तीच सरासरी पंधरा टक्क्यांची थाप मारते. त्यामुळे कोणी नुसती सरासरी सांगितली तर अर्धीच माहिती मिळाली असं धरायचं, चढ-उतार किती होता ते कळेपर्यंत त्या आकड्याचं काही करता येत नाही.

इथे एक सावधगिरी, कारण हा विषय नवीन कळलेला माणूस लगेच सगळीकडे ड्रॅग वजा करत सुटतो. म्युच्युअल फंडाच्या फॅक्टशीटवर एक वर्षापेक्षा जास्त काळाचा जो परतावा छापलेला असतो तो सीएजीआर असतो, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा घेऊन काढलेला चक्रवाढ दर. त्यात ही घट आधीच शिरलेली आहे, ती पुन्हा काढायची नाही. सेन्सेक्स १९७९ मध्ये १०० वरून सुरू होऊन २०१० च्या शेवटी २०,५०९ वर होता, म्हणजे वर्षाला साधारण १८ टक्के, हे सगळे झटके सोसून. तेव्हा "शेअर वर-खाली होतात म्हणून पैसाच वाढत नाही" असं कोणी म्हणत असेल तर ते पण खरं नाही.

गडबड होते ती सीएजीआर न दाखवणाऱ्यांकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑप्शनच्या टिप्स देणाऱ्या एका ग्रुपची शीट मला ऑफिसमधल्या एका पोराने दाखवली होती, धंतोलीत चहा पिता पिता. बारा महिन्यांचे बारा आकडे, हिरवे आणि लाल, आणि खाली जाड अक्षरात वर्षाची टोटल. टोटल म्हणजे अक्षरशः बेरीज. त्या शीटचे आकडे इथे देत नाही, पण अशा शीटमध्ये काय लपू शकतं ते बघा. समजा एक महिना अधिक ३०, पुढचा वजा २५, परत अधिक ३०, असे सहा-सहा महिने. बेरीज होते अधिक ३० टक्के, आणि जाहिरातीत "वर्षाला ३० टक्के" असं लिहिता येतं, खोटं काहीच नाही. पण १.३० गुणिले ०.७५ म्हणजे ०.९७५, दर दोन महिन्यांनी अडीच टक्के गायब, आणि अशा सहा जोड्या झाल्या की लाखाचे ८५,९०० उरतात. हिरवे चौकोन सहा, लाल चौकोन सहा, हिरवा प्रत्येक वेळी लालपेक्षा मोठा, आणि खातं चौदा टक्के खाली. पोराला म्हटलं, टक्के नको मागू बाबू, ब्रोकरच्या स्टेटमेंटवरचा १ एप्रिलचा बॅलन्स आणि ३१ मार्चचा बॅलन्स माग, आणि मधे किती टाकले-काढले ते विचार. त्याने ग्रुपवर विचारलं, उत्तर काय मिळालं ते त्याने सांगितलं नाही, मी पण खोदून विचारलं नाही.

फ्युचर्स आणि मार्जिनवाल्यांचं गणित तर आणखी अवघड. उसने पैसे घेऊन दुप्पट पोझिशन घेतली की सरासरी दुप्पट होते हे सगळ्यांना दिसतं, पण चढ-उतारही दुप्पट होतो आणि त्याची घट चौपट. समजा एखाद्या इंडेक्सची सरासरी १२ टक्के आणि चढ-उतार २० टक्के. २० टक्क्यांचा वर्ग ४ टक्के, निम्मा २, म्हणजे साध्या गुंतवणुकीत हातात १०. दुप्पट केलं तर सरासरी २४, घट ८, हातात १६. बरं दिसतं ना? पण जेवढे पैसे उसने घेतले त्यावर व्याज ८ टक्के धरा, राहिले परत ८ टक्के. म्हणजे दुप्पट जोखीम घेऊन साध्यापेक्षाही कमी. तिप्पट केलं तर सरासरी ३६, घट १८, व्याज १६, हातात २. चौपट केलं तर वजा. सरासरी प्रत्येक पायरीवर वाढतेच आहे आणि माणूस प्रत्येक पायरीवर गरीब होतो आहे. आणि २००८ सारख्या वर्षात दुप्पट पोझिशन असलेल्याला हे गणित करायची वेळच आली नसती, साडेबावन्नच्या दुप्पट म्हणजे एकशेपाच, सगळं भांडवल संपून वर देणं.

आता परत मामांच्या प्रश्नाकडे, कारण त्यांनी नंतर जे विचारलं ते पहिल्यापेक्षा चांगलं होतं. म्हणाले, "मंग हे पंधरा टक्के कोणालेच भेटले नाही का? आकडा तर खरा आहे ना?"

भेटले असते, एका माणसाला. जो दर १ जानेवारीला बरोबर एक लाखच लावतो. वर्षात फायदा झाला तर काढून घेतो, तोटा झाला तर खिशातून भरून पुन्हा लाख करतो. त्याचा हिशोब बेरजेनेच चालतो. २००८ मध्ये गेले ५२,४५०, २००९ मध्ये आले ८१,०३०, २०१० मध्ये आले १७,४३०, निव्वळ साधारण ४६,००० रुपये फायदा, लाखावर वर्षाला पंधरा टक्के. वहीतला आकडा तंतोतंत. पण अट बघा काय आहे, २००९ च्या जानेवारीत, सगळं जग बुडतंय असं वाटत असताना, या माणसाला बाहेरून ५२,४५० रुपये आणून परत त्याच बाजारात टाकायचे होते. सरासरीचा आकडा गुपचूप हे गृहीत धरतो की तुमच्याकडे बाहेर कुठेतरी एक खिसा आहे आणि तो कधी रिकामा होत नाही.

मामांकडे असा खिसा होता, एफडी. म्हणून मी त्यांना तीच तीन वर्षं वेगळ्या तऱ्हेने मांडून दाखवली. समजा लाखातले ५०,००० सेन्सेक्समध्ये आणि ५०,००० आठ टक्क्यांच्या एफडीत, आणि दर वर्षाच्या शेवटी दोन्ही परत निम्मे-निम्मे करायचे. २००८ च्या शेवटी शेअरचे राहिले साधारण २३,८००, एफडीचे झाले ५४,०००, एकूण ७७,८००. निम्मे केले, म्हणजे एफडीतून पंधरा हजारावर काढून शेअरमध्ये टाकले, दोन्हीकडे ३८,९००. २००९ मध्ये शेअरचे झाले ७०,४००, एफडीचे ४२,०००, एकूण १,१२,४००. आता उलट, शेअरमधून चौदा हजार काढून एफडीत. २०१० च्या शेवटी एकूण १,२६,७००.

आता बाजूला ठेवून बघा. सगळं सेन्सेक्समध्ये ठेवलं असतं तर १,०१,१००. सगळं एफडीत ठेवलं असतं तर १,२६,०००. निम्मे-निम्मे करून पुन्हा कधीच हात लावला नसता तर १,१३,५००. आणि दर वर्षी बरोबरी केली तर १,२६,७००. ज्या सेन्सेक्सने तीन वर्षांत एक टक्का दिला तो अर्धा मिसळूनही हे खातं निव्वळ एफडीच्या किंचित पुढे गेलं. मामांनी हे तीनदा ताडून पाहिलं, मग कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून हाताने पाहिलं. "ह्याच्यात चलाखी कुठं आहे बे?" चलाखी नाही, चढ-उतार साधारण निम्मा झाला की घट चतुर्थांश होते. इथे सरासरी १५.३ वरून ११.७ वर आली, म्हणजे साडेतीन टक्के सोडले, पण घट १५ वरून साडेतीनवर आली, म्हणजे साडेअकरा टक्के वाचले.

पण लगेच हुरळून जायला नको म्हणून मी त्यांना २००३ ते २००७ पण मांडून दाखवलं, तेव्हाचं व्याज सहा टक्के धरून. निम्मे-निम्मे करून हात न लावणाऱ्याचे लाखाचे ३,६७,००० झाले असते, आणि दर वर्षी बरोबरी करणाऱ्याचे ३,०३,०००. चौसष्ट हजार रुपये कमी, फक्त यासाठी की तो पाच वर्षं सतत चढणारी गोष्ट दरवर्षी थोडी थोडी विकत राहिला. सगळं सेन्सेक्समध्ये ठेवणाऱ्याचे तर सहा लाख. बाजार एकाच दिशेने चालला की बरोबरी महाग पडते, वर-खाली हेलकावे खाल्ले की फायद्यात पडते, आणि पुढची पाच वर्षं कोणती असतील हे १ जानेवारीला कळत नाही.

शिवाय आता टॅक्स आहे. मामांच्या त्या तीन वर्षांत इक्विटी फंड वर्षभर ठेवून विकला तर भांडवली नफ्यावर कर नव्हता. आज वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के, वर्षानंतर विकलं तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, आणि एफडी मोडली तर व्याजात कपात होते ती वेगळी. त्यामुळे मी आता दर वर्षी नेमाने विकत-घेत बसत नाही. नवीन पैसा येतो, पगार म्हणा बोनस म्हणा, तो ज्या बाजूला वजन कमी पडलं असेल त्या बाजूला टाकतो, आणि पन्नासचं प्रमाण साठच्या वर किंवा चाळीसच्या खाली गेलं तरच हलवाहलव करतो. मामांना हे आळशीपणाचं वाटतं. ते अजून ३१ डिसेंबरलाच करतात, फक्त आता वहीत टक्क्यांचा रकाना नाही, रुपयांचे दोन रकाने आहेत.